होर्डिंगवरचे ८० लाख आणि खिशातून जाणारा एक कोटी

घोडबंदर रोडने ठाण्याहून गायमुखकडे निघालं की दोन्ही बाजूंना होर्डिंगांची रांग लागते. 'टू बीएचके ८० लाखांपासून'. त्या 'पासून'चा अर्थ बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून लोक मनातल्या मनात चार-पाच लाख वाढवूनच साइट ऑफिसात शिरतात. पण खरा हिशेब तेवढ्यावर थांबत नाही. शिवाय वाढीव पैसे किती, याइतकाच ते कधी आणि कुठून द्यायचे हाही प्रश्न असतो. यातले बरेचसे पैसे बँक देत नाही, ते आपल्या खात्यातूनच जातात. म्हणून एकच फ्लॅट धरून पैसे ज्या क्रमाने मागितले जातात त्याच क्रमाने पाहू. शासनाचे दर आणि नियम खरे आहेत. बिल्डर, सोसायटी आणि टँकरचे आकडे मी समजण्यासाठी धरले आहेत, पण या पट्ट्यात कुणाला ते अनोळखी वाटणार नाहीत.

फ्लॅट ६५० चौरस फूट कार्पेटचा, इमारतीचं काम चालू. किंमत ८० लाख, झाकलेल्या पार्किंगचे ५ लाख वेगळे. म्हणजे करारनाम्यात ८५ लाख.

करारनाम्याच्या दिवशी

ठाणे महापालिकेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के पडतं. त्यात मूळ ५ टक्के, स्थानिक संस्थेचा अधिभार १ टक्का आणि मेट्रोसाठीचा १ टक्का. मुंबई शहरात हाच आकडा ६ टक्के आहे, त्यामुळे मुलुंडचा चेकनाका ओलांडून 'स्वस्तात' आलेल्या माणसाला इथे एक टक्का जास्त भरावा लागतो. शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची, म्हणजे शासनाने त्या भागासाठी ठरवलेली किंमत यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर लागतं. आपल्या उदाहरणात ते ५ लाख ९५ हजार झालं. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार, म्हणजे इथे ३० हजारच. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एका टक्क्याची सवलत मिळते, इथे थेट ८५ हजार वाचतात. नवराबायकोच्या जोडनावावर घेतलं तर ती मिळत नाही. आधी दोघांची नावं टाकायची ठरवून मग सवलत मागायला जाणारी जोडपी दर महिन्याला भेटतात.

काम चालू असलेल्या इमारतीवर ५ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे आणखी ४ लाख २५ हजार. ४५ लाखांपर्यंतच्या आणि मुंबई महानगर क्षेत्रात ६० चौरस मीटर कार्पेटपर्यंतच्या घराला हाच कर १ टक्का आहे. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या फ्लॅटला जीएसटी लागतच नाही. त्यामुळे तयार फ्लॅट चार लाखांनी महाग दिसला तरी तो खरोखर महाग आहे का, हे वजाबाकी करूनच ठरवावं.

या तिन्हींची बेरीज १० लाख ५० हजार. आता बँकेकडे वळू. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, आणि या आकाराच्या घराच्या किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरत नाहीत. ८५ लाखांवर कर्ज मिळालं ६८ लाख. वरचे १७ लाख आपले, आणि हे साडेदहाही आपलेच. साइट ऑफिसातला मुलगा 'सर, फक्त वीस टक्के तुमचे' म्हणतो तेव्हा खोटं बोलत नसतो, पण साडेसत्तावीस लाखही म्हणत नसतो.

पार्किंग: काय विकत घेतलं ते मोजून घ्या

पार्किंगच्या बाबतीत कायदा बराच स्पष्ट आहे आणि व्यवहार बराच धूसर. उघड्या जागेतलं पार्किंग इमारतीच्या सामाईक जागेचा भाग असतं, ते बिल्डरला विकता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली नहालचंद लालूचंद विरुद्ध पंचाली सोसायटी या खटल्यात हे सांगितलं. त्या वेळच्या मोफा, म्हणजे राज्याच्या फ्लॅट मालकीविषयीच्या कायद्याखाली स्टिल्टमधलं, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधलं पार्किंगही विकता येणार नाही, असं त्या निकालात होतं. पुढे रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या नियमनाचा केंद्रीय कायदा आला. उघडं पार्किंग विकायचं नाही, आणि झाकलेलं किंवा गॅरेज विकायचं तर त्याचा तपशील करारात हवा, असं त्या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने, २०२१ मध्ये पुन्हा बजावलं. एप्रिल २०२४ पासून तर पार्किंगची जागा इमारतीत नेमकी कुठे आहे आणि तिची लांबी, रुंदी, उंची किती, हे करारनाम्याच्या जोडपत्रात लिहावं लागतं.

हे जोडपत्र आलं ते तक्रारींमुळे. गाडीची जागा साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब धरतात, लहान गाडीसाठी त्याहून थोडी कमी. नकाशावर ती पुरेशी वाटते. प्रत्यक्षात एका बाजूला इमारतीचा खांब येतो, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याची एसयूव्ही, आणि पावणेदोन-दोन मीटर रुंदीची गाडी आत गेल्यावर दार उघडायला वीतभर जागा उरते. काही ठिकाणी वरून सांडपाण्याचा पाइप इतका खाली आलेला असतो की डिकी पूर्ण उघडत नाही. ताबा घेतल्यावर हे लक्षात आलं तर फारसं काही करता येत नाही. त्यामुळे सही करण्याआधी जोडपत्रातली मापं आपल्या गाडीच्या मापांशी ताडून बघावीत, आणि जागा तयार असेल तर गाडी एकदा आत घालून बघावी.

दुसरी गोष्ट यांत्रिक पार्किंगची. एकावर एक गाडी चढवणारे स्टॅक आता उपनगरांत सर्रास दिसतात. करारात 'मेकॅनिकल पार्किंग' एवढेच दोन शब्द असतात. वरचा मजला आपला असेल तर उंच गाडी बसत नाही, आणि वजनाचीही मर्यादा असते. मोटार बंद पडली की मेकॅनिक येईपर्यंत गाडी वरच. खड्ड्यात उतरणाऱ्या प्रकारात जुलै महिन्यात पाणी साचतं, ते उपसायला पंप लागतो, पंपाला वीज लागते. या यंत्रांची वार्षिक देखभाल बिल्डरचा हमी काळ संपला की सोसायटीच्या गळ्यात येते. मग ज्याच्याकडे गाडीच नाही त्याने त्याचे पैसे का द्यायचे, यावर सर्वसाधारण सभेत रात्री अकरापर्यंत वाद चालतो. मी खजिनदार म्हणून असे वाद ऐकले आहेत आणि दोन्ही बाजू खऱ्या असतात. देखभालीचा खर्च स्लॉटवाल्यांकडूनच घ्यायचा ठराव पहिल्याच वर्षी झाला तर पुढची भांडणं वाचतात.

आणि बिल्डरकडून पार्किंग घेतलंच नाही तर? मग सोसायटीकडे असलेल्या जागांवर अवलंबून राहायचं. उपविधीप्रमाणे त्या आधी येईल त्याला आधी अशा पद्धतीने मिळतात, जागा कमी आणि गाड्या जास्त असतील तर चिठ्ठ्या टाकतात, आणि त्याचं शुल्क सर्वसाधारण सभा ठरवते. या वर्षी चिठ्ठी लागली म्हणजे पुढच्या वर्षीही लागेल असं नाही.

ताब्याचं पत्र

खरेदीच्या दिवशी मिळालेल्या किमतीच्या तक्त्यात सगळ्यात खाली, बारीक अक्षरात एक ओळ असते: 'इतर शुल्के ताब्याच्या वेळी, लागू असल्याप्रमाणे'. तीन वर्षांनी त्या ओळीचं दोन पानी पत्र होऊन येतं आणि त्यावर पंधरा दिवसांची मुदत असते. तोवर घरभाडं आणि हप्ता दोन्ही भरून माणूस टेकीला आलेला असतो, चावी हवी असते, म्हणून तो भरून मोकळा होतो.

आपल्या फ्लॅटचं पत्र असं धरू. चोवीस महिन्यांचा आगाऊ मेंटेनन्स, चौरस फुटाला ५ रुपयांनी, म्हणजे महिना ३,२५० आणि एकूण ७८ हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ९२,०४०. कॉर्पस फंड, म्हणजे सोसायटीसाठीची ठेव, एक लाख. सोसायटी स्थापना आणि वकील, करासह २९,५००. वीज मीटर, पाणी आणि पाइप गॅसची जोडणी, करासह ७०,८००. क्लब हाउसचं सदस्यत्व दीड लाख, करासह १ लाख ७७ हजार. आणि 'इन्फ्रास्ट्रक्चर चार्जेस' चौरस फुटाला २०० रुपये, करासह १ लाख ५३ हजार ४००. एकूण ६ लाख २२ हजार ७४०.

यातली प्रत्येक रक्कम एकाच माळेतली नाही. मेंटेनन्स आणि कॉर्पस हे आपलेच पैसे आहेत, बिल्डर ते फक्त सांभाळतो. असे घेतलेले पैसे त्याने वेगळ्या खात्यात ठेवायचे, ज्यासाठी घेतले त्यासाठीच वापरायचे आणि हिशेब द्यायचा असतो. सोसायटी स्थापन झाल्यावर उरलेली रक्कम तिच्याकडे वर्ग व्हायला हवी. नव्या समितीने बिल्डरकडून कागद ताब्यात घेताना पहिल्यांदा हा हिशेब मागावा, कारण वर्ष-दोन वर्षं गेली की 'सगळे खर्च झाले' असं एका ओळीचं उत्तर येतं. क्लब हाउस आणि इन्फ्रास्ट्रक्चरचे पैसे मात्र परत यायचे नसतात. ती घराचीच किंमत असते, फक्त दुसऱ्या नावाने.

मेंटेनन्सचा दर कोणत्या क्षेत्रफळावर लावला हेही पत्रात शोधावं. रेराने विक्री कार्पेटवर करायला लावली, पण शुल्काच्या तक्त्यात कधी कधी जुना 'सेलेबल एरिया', म्हणजे जिना-लॉबीचा हिस्सा धरून वाढवलेलं क्षेत्रफळ, परत डोकं वर काढतो. हाच फ्लॅट ९५० फूट धरला तर ३,२५०चे ४,७५० होतात.

आता बेरीज करू. करार ८५ लाख, शासनाचे साडेदहा लाख, ताब्याच्या वेळचे सव्वासहा लाखांच्या आसपास. एकूण १ कोटी १ लाख ७२ हजार ७४०. त्यातले ६८ लाख बँकेचे, उरलेले पावणेचौतीस लाख आपले. अजून पंखासुद्धा लावलेला नाही.

मालमत्ता कर उशिरा येतो आणि थकबाकी घेऊन येतो

नव्या इमारतीत पहिलं वर्ष-दीड वर्ष कराचं बिल येत नाही, आणि लोकांना वाटतं तो मेंटेनन्समध्येच असेल. बहुतेक पत्रांत 'मालमत्ता कर वगळून' असं स्वच्छ लिहिलेलं असतं. बिल न येण्याचं कारण साधं आहे, महापालिकेने प्रत्येक फ्लॅटची कर आकारणी अजून केलेली नसते. ती झाली की बिल मागच्या तारखेपासून निघतं. समजा ओसी जूनमध्ये मिळाली, ताबा ऑक्टोबरमध्ये आणि आकारणी ओसीनंतर दोन वर्षांनी झाली. कर वर्षाला १२ हजार असेल तर पहिलंच बिल २४ हजारांचं येईल. त्यातले जून ते सप्टेंबरचे चार हजार आपण द्यायचे नाहीत. प्रत्यक्ष ताबा देईपर्यंतचे सगळे कर आणि देणी बिल्डरने भरायची, असं रेराच्या कलम ११ मध्ये लिहिलेलं आहे. ताब्याच्या पत्राची तारीख म्हणूनच जपून ठेवायची. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती लागते, तेव्हा 'बिल्डरचं काय ते ठरू दे, मग भरू' म्हणत बसणं महागात जातं. भरावं आणि बिल्डरचा हिस्सा लेखी मागावा.

मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला, ती बातमी ऐकून ठाणे-कल्याणकडचे लोकही तीच सवलत गृहीत धरतात. प्रत्येक महापालिकेचा निर्णय वेगळा आहे. मुंबईत कर भांडवली मूल्यावर निघतो. राज्यातल्या इतर अनेक महापालिकांमध्ये तो घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती भाडं येईल, या अंदाजावर निघतो. त्या भाड्यातून दुरुस्तीसाठी १० टक्के वजा करतात आणि उरलेल्या 'करपात्र मूल्या'वर सामान्य कर, पाणीपट्टी लाभ कर, मलनिस्सारण लाभ कर, वृक्ष कर, शिक्षण कर अशी ओळीने टक्केवारी लागते. त्यामुळे एकाच रेल्वे लाइनवर दोन स्टेशनं पुढे गेलं की तेवढ्याच फ्लॅटचा कर वेगळा असतो. खात्रीचा उपाय एकच, त्याच भागातल्या तीन-चार वर्षं जुन्या इमारतीतल्या कुणाचं तरी चालू बिल बघणं.

जुना फ्लॅट घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. कराची थकबाकी मालमत्तेला चिकटते, मालकाला नाही. मागच्या मालकाने पाच वर्षं कर भरला नसेल तर महापालिका आपल्या दारात येईल. शेवटची पावती आणि सोसायटीचा ना-थकबाकी दाखला दोन्ही हवेत. आणि हस्तांतरणासाठी सोसायटी जो प्रीमियम मागते त्याची कमाल मर्यादा २५ हजार आहे. त्यापुढे 'देणगी' मागितली तर ती कशासाठी हे लेखी विचारावं, बऱ्याचदा तो विषय तिथेच संपतो.

दर महिन्याचं बिल

सोसायटी स्थापन झाली की बिलाची मांडणी बदलते. बिल्डर चौरस फुटाला पैसे घेत होता, उपविधी मात्र सेवा शुल्क प्रत्येक फ्लॅटला सारखं लावायला सांगतात, कारण वॉचमन वन बीएचकेचा आणि थ्री बीएचकेचा वेगळा नसतो. लहान फ्लॅटवाल्यांचं बिल एकदम चढतं, मोठ्यांचं उतरतं, आणि पहिली सभा गाजते.

या पट्ट्यात बिल फुगवणारी खरी गोष्ट पाणी आहे. शंभर फ्लॅटची इमारत, घरटी चार माणसं, माणशी दिवसाला १३५ लिटर हे प्रमाण धरलं तर रोज ५४ हजार लिटर लागतात. महापालिकेकडून ३६ हजार मिळाले तर १८ हजारांची तूट, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ दोन टँकर. टँकर २ हजारांना धरला तर महिन्याला १ लाख २० हजार, फ्लॅटमागे १,२००. एप्रिल-मे मध्ये तूट वाढते आणि टँकरचा भावही. बुकिंगआधी शेजारच्या इमारतीच्या वॉचमनला 'दिवसाला किती टँकर येतात' एवढं विचारलं तरी बिल्डरच्या माहितीपत्रकात नसलेली माहिती मिळते. सकाळी सातच्या सुमारास गेलात तर टँकर स्वतःच दिसतील.

मोठ्या टाउनशिपमध्ये दोन बिलं येतात, एक आपल्या इमारतीच्या सोसायटीचं आणि दुसरं सगळ्या संकुलाच्या फेडरेशनचं. आतले रस्ते, बाग, क्लब हाउस, सांडपाणी प्रक्रिया केंद्र हे सगळं दुसऱ्या बिलात येतं. सदस्यामागे महिन्याचं शुल्क साडेसात हजारांच्या वर गेलं आणि सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर असेल, तर त्यावर १८ टक्के जीएसटीही लागतो.

बिल कमी असणं नेहमी चांगलं लक्षण नसतं. उपविधींप्रमाणे घराच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीची गंगाजळी, आणि ०.७५ टक्के दुरुस्ती निधी गोळा व्हायला हवा. बांधकाम खर्च २० लाख धरला तर वर्षाला अनुक्रमे ५ हजार आणि १५ हजार, म्हणजे महिन्याला दोन्ही मिळून सुमारे १,६७०. अनेक नव्या सोसायट्या हे नाममात्र ठेवतात, कारण बिल कमी ठेवणारी समिती पुन्हा निवडून येते. मग आठ-दहा वर्षांनी बाहेरून रंग, गळती, लिफ्ट बदलणं यासाठी एकरकमी लाख-सव्वा लाखाची वर्गणी निघते. जुना फ्लॅट बघताना म्हणून बिलासोबत सोसायटीचा ताळेबंदही मागावा आणि मुदत ठेवी किती आहेत ते बघावं. पहिल्या पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर तो बिल्डरने फुकट दुरुस्त करायचा असतो. त्या काळातली गळती वर्गणी काढून दुरुस्त करू नये, लेखी तक्रार करावी.

हे सगळं आधी कुठे दिसतं

नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. टोकन देण्याआधी महारेराच्या संकेतस्थळावर त्या प्रकल्पाच्या पानावर जावं. तिथे विक्री कराराचा मसुदा चढवलेला असतो. महाराष्ट्राच्या नमुना करारात ताब्याच्या वेळी द्यायच्या रकमांचं एक कलम आहे: भागभांडवल आणि प्रवेश शुल्क, सोसायटी स्थापना, करांचा हिस्सा, मासिक वर्गणीची अनामत, पाणी-वीज जोडणीची अनामत, वीज उपकेंद्राची अनामत. प्रत्येकापुढे रुपयांसाठी मोकळी जागा सोडलेली असते. आपल्या करारात त्या सगळ्या जागा आकड्यांनी भरून घ्यायच्या. त्या यादीत नसलेलं शुल्क, मग ते क्लब हाउस असो की इन्फ्रास्ट्रक्चर, द्यायचं ठरलंच तर तेही त्याच कलमाखाली रकमेसह लिहून घ्यावं, 'लागू असल्याप्रमाणे' हे शब्द खोडून. खोडायला नकार आला, तर ताब्याचं पत्र किती पानांचं असेल याचा अंदाज तिथेच येतो.